ढगळ कीबोर्ड

मी ब्लाउज शिवते. लोणावळ्याच्या गावठाणात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, तीस वर्षं झाली. माझ्या हातचा ब्लाउज अंगात घातला की बाई आरशासमोरून हलत नाही, हे मी नाही म्हणत, बायका म्हणतात. ढगळ कपडा मला बघवत नाही. लग्नात कुणाची बाही लोंबताना दिसली की मला जेवण जात नाही. आणि शिलाई? शिलाई वरून दिसली म्हणजे काम फसलं. कापड दिसावं, शिलाई दिसू नये. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जो घोळ घातला तो ह्याच तोऱ्यात घातला.

आमचे हे रेल्वेत गँगमन होते. घाटात रूळ दुरुस्त करणारी माणसं असतात ना, त्यातले. शेवटची काही वर्षं गँगचे मुकादम. माणसं रुळावर वाकून काम करतात, आणि एक जण फक्त गाडी येतेय का बघत उभा असतो. गाडी दिसली की शिट्टी, शिट्टी ऐकू गेली नाही तर हाक. आमच्या ह्यांची हाक म्हणजे काय सांगू! मी वडिवळ्याची, लग्न ठरलं तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, "नवरा मुलगा हळू बोलतोय आसं वाटलं, तर त्यो धरणाच्या पल्याड उभा आसंल." घरात साधा चहा मागितला तरी शेजारणीला कळायचं. मी चिडायचे. म्हणायचे, "अहो, मी काय रुळावर बसलेय का?" तर म्हणायचे, "हाक पोचली न्हाई की मानूस जातो. सवय हाय." निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सवय गेली नव्हती.

मग ती हाकच गेली. घशात गाठ निघाली. आधी औषधं चढवली, त्यानं बोटांची टोकं बधिर झाली. मग पुण्यात ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला एक भोक आहे, त्यातून श्वास घ्यायचा. जेवण नाकातल्या नळीनं. मान धड वळत नाही, खाली तर वाकतच नाही. डॉक्टर म्हणाले, पुढं गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, पण आधी जखम भरू दे, शेक पूर्ण होऊ देत. शेक म्हणजे ते रेडिएशन. आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस. खंड पडता कामा नये, हे डॉक्टरांनी मला तीनदा बजावलं. मला. ह्यांना नाही. बोलू न शकणाऱ्या माणसाशी कुणी बोलतच नाही, सगळे त्याच्या बायकोशी बोलतात. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ऑपरेशननंतर हे ओठ हलवून बोलायला बघायचे. मला काही उमगायचं नाही. पेन दिलं, तर बधिर बोटांतून सुटायचं. आमची लेक वराळ्याला असते, तिथल्या एका कारखान्यात कामाला आहे. तिनं मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला, म्हणाली, "बाबा, ह्यावर टाइप करा आणि आईला पाठवा. आई घरात असली तरी पाठवा." त्या फोनवर मराठी कीबोर्ड होता. साधा, पांढरा, प्रत्येक अक्षर आपापल्या चौकोनात. एका बोटानं टुकटुक करत ह्यांनी पहिला मेसेज पाठवला: "पंखा". पंखा लावला. मग "टीव्ही बंद". टीव्ही बंद केला. चुका व्हायच्या, पण कळायचं. एकदा तर "किती बोलतेस" असा आला. मी त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली.

आता शेक सुरू व्हायच्या आदल्या रविवारी लेक आली होती. तिच्या फोनवरचा कीबोर्ड मी पाहिला, त्यावर मागं तिच्या पोरीचा फोटो. मी म्हटलं, हे कसं केलंस? तिनं दाखवलं. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत चार चौकोनांचं चिन्ह असतं, ते दाबायचं, मग सेटिंग्ज, मग थीम. तयार रंग असतात, नाहीतर आपला फोटो घालायचा. फोटो किती उजळ, किती अंधारा ठेवायचा ते पट्टी सरकवून ठरवायचं. लेक संध्याकाळी गेली आणि माझ्या हाताला खाज सुटली. मला एखादी गोष्ट आली की मी ती करून बघितल्याशिवाय राहत नाही.

ह्यांचा फोन घेतला. आमच्या दोघांचा वडिवळ्याच्या धरणावरचा फोटो आहे, भाच्याच्या लग्नाच्या वेळचा. हे फेट्यात, मी मोरपंखी साडीत. तो घातला. अंधारा केला नाही, साडीचा रंग मरत होता. खाली 'की बॉर्डर' म्हणून एक बटण होतं. ते चालू असलं की प्रत्येक अक्षराभोवती चौकट येते. फोटोवर त्या चौकटी म्हणजे अंगभर टाके घातल्यासारखं दिसायला लागलं. बंद केलं. चौकटी गेल्या, अक्षरं फोटोवर नुसती तरंगायला लागली. सुरेख. मग दुसऱ्या एका ठिकाणी, प्राधान्यांमध्ये, कीबोर्डची उंची. तो कीबोर्ड मला पहिल्यापासून ढगळ वाटायचा, अर्धा फोन खाऊन बसलेला. मी उंची कमी केली, अगदी आटोपशीर. अक्षरांच्या ओळी एकमेकींना चिकटल्या, वर मेसेज वाचायला भरपूर जागा झाली. लांब धरून पाहिलं. काय बसला होता! जणू मापानं शिवलेला.

माप कुणाचं, हे मला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ह्यांच्या हातात दिला, म्हटलं, "बघा, काय केलंय." त्यांनी बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मग बोट फोटोवर टेकवलं, बरोबर माझ्या चेहऱ्यावर, आणि दोनदा, तीनदा, चारदा टकटक केलं. मला भरून आलं हो. एवढ्या दुखण्यातही माणूस माझा चेहरा दाखवतोय! मी लाजले, म्हटलं, "पुरे आता." आणि भाकऱ्या थापायला आत निघून गेले. हा मूर्खपणा मी कुणाला सांगितलेला नाही, आज पहिल्यांदा सांगते.

सोमवारी शेक सुरू झाले. सकाळच्या पुण्याच्या लोकलनं जायचं, रेल्वेचा पास होताच. दवाखान्यात तळघरासारख्या जागेत ती खोली. नातेवाइकांनी बाहेर बसायचं. आत ह्यांच्या तोंडाच्या आणि मानेच्या मापाचा जाळीचा मुखवटा केलेला होता. तो चढवायचा आणि मुखवटा टेबलाला पक्का करायचा, म्हणजे माणूस तसूभर हलत नाही. श्वासाच्या भोकापाशी तेवढी मोकळी जागा. आम्ही पोचल्यावर तिथली मुलगी फाइल घेऊन बाहेर आली आणि मला सगळं समजावून गेली. मी मान डोलवली. मग ह्यांना आत नेलं, आणि मी बाकड्यावर बसून एका साडीच्या फॉलला टाके घालायला घेतले.

त्या संध्याकाळी ह्यांचा मेसेज आला. मी शिवणयंत्रावर, हे आतल्या खोलीत. वाचला, तर त्यात एकही शब्द धड नव्हता. नुसती अक्षरं, पायलीभर सांडल्यासारखी. मी आत जाऊन हसले. म्हटलं, "हे काय, चिनी शिकताय का?" त्यांनी पुन्हा फोन हातात घेतला, पुन्हा बोट बोट टेकवत दहा मिनिटं घालवली. पुन्हा तसलंच. मी पुन्हा हसले. आजारी माणसाच्या घरात कुणीतरी हसायला हवं, असं मला वाटायचं. तो मेसेज लेकीला पाठवला, खाली हसणारी तोंडं लावून.

दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी तसाच. रोज दवाखान्यातून आलं, नळीतून दूध, ताक, सूप देऊन झालं की हे फोन घ्यायचे. रोज तेवढाच वेळ, तेवढाच लांब मेसेज आणि तेवढंच गिचमिड. चौथ्या दिवशी मला हसू आलं नाही. पाचव्या दिवशी मी लेकीला फोन केला आणि म्हटलं, "शेकानं बाबांचं डोकं बिघडत चाललंय गं." ती म्हणाली, "असं होतं का?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक काय होतं! आधी 'किती बोलतेस' असं नीट लिहीत होते, शेक सुरू झाले आणि हे असं." हिशेब इतका सरळ दिसत होता की दुसरं काही मनात येईचना. रविवारी केलेल्या माझ्या नक्षीकामाची मला आठवणसुद्धा नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी मेसेज वाचायचं सोडलं. आला की पुसायचा. हाक जाऊन माणूस उरला होता, आता माणूसही निघाला, असं वाटायचं. मशीनवर बसले की डोळे भरायचे आणि टाका वाकडा जायचा. तीस वर्षांत माझा टाका वाकडा गेला नव्हता.

नववा शेक झाला त्या दिवशी हे बाहेर आले तेच पांढरेफटक. घामानं सदरा भिजलेला. आतल्या मुलीनं सांगितलं, थोडा कफ आला होता, आम्ही साफ केला, आता ठीक आहेत. गाडीत माझ्याकडं बघेनात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठेचनात.

मी म्हटलं, "अहो, गाडी जाईल." भिंतीकडं तोंड. "अहो, उठा." हात झटकला. मी ओढलं, तर असा जोर केला की माझा हात पिरगळला. गाडी गेली. त्या दिवशीचा शेक गेला.

मी सगळं करून पाहिलं. गोड बोलले, रागावले, पाया पडले. "दुखतंय का?" हात हलवून नाही. "दमलात का?" नाही. "मी काही चुकले का?" ह्यावर डोळे मिटून घेतले. "जगायचंच नाही का तुम्हाला?" असं मी विचारलं, विचारायला नको होतं, पण विचारलं. त्यावर त्यांनी उशी भिरकावली. तेही 'नाही'च, असा मी अर्थ घेतला. मग काय? मग काय, अहो? काय आहे? माझ्या अंगात जेवढे प्रश्न होते तेवढे सगळे विचारून झाले, आणि खरा प्रश्न त्यात नव्हताच. फोन उशाशी पडलेला होता. हात लावीनात. मी हातात दिला, तर उलटा करून ठेवला.

मधे शनिवार-रविवार सुट्टीचे, सोमवारी शेकाचा दुसरा दिवसही गेला. दवाखान्यातून फोन आला, "का येत नाही? खंड पडला तर शेकाचा उपयोग कमी होतो, ऐकताय ना?" ऐकत होते. तिसऱ्या दिवशी लेक रजा टाकून आली, रडली, ओरडली, ह्यांच्या छातीवर डोकं ठेवून बसली. हे तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि उठले नाहीत. जाताना दारात ती म्हणाली, "आई, आता काय गं?"

चौथ्या दिवशी दुपारी एक मावशी आल्या, इंदुरीहून लोणावळ्याला लेकाकडं राहायला आलेल्या, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. नवा ब्लाउज घालून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, बगलेत काचतोय." माझं टाळकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "मावशी, एवढा चोख बसलाय, कुठं सुरकुती आहे का दाखवा." त्यांनी हात वर करून दाखवला, अर्ध्यातच अडकला. "दिसाया लय चांगला हाय गं. पन मला भाकरीचं पीठ मळायचं आसतं, आरशात हुबं न्हाई ऱ्हायचं. तुज्या डोळ्याला चांगला दिसला, माज्या हाताला विचारलंस का?"

मी गुमान टेप काढली, खडू काढला. त्यांना म्हटलं, हात वर करा, जिथं अडतंय तिथं थांबा. तिथं खुणेचा खडू ओढला. ओढता ओढता माझा हात थांबला. "तुज्या डोळ्याला चांगला दिसला." आतल्या खोलीत तो फोन उलटा पडला होता, आणि त्यावरचा कीबोर्ड कुणाच्या डोळ्याला चांगला दिसला होता? कुठल्या रविवारी? आणि गिचमिड सुरू झालं कुठल्या सोमवारी?

मावशींना म्हटलं, "उद्या या." त्या म्हणाल्या, "अगं, पन ब्लाउज काढू तर दे." कसाबसा काढून घेतला, त्यांना दारापर्यंत सोडलं आणि खडू तसाच हातात घेऊन आत पळाले.

ह्यांना टेकून बसवलं. फोन हातात दिला. म्हटलं, "शेकाला चला म्हणत नाही. एवढंच करा, मी सांगते त्या अक्षरावर बोट टेकवा." बघत राहिले. मी त्यांच्या बोटाला खडू फासला, कापडावर खुणा करायचा तोच. म्हटलं, "म." बोट उचललं, टेकवलं. उचलल्यावर काचेवर पांढरा ठिपका उरला. मी वाकून बघितलं, तर 'म'वर काही नव्हतं. ठिपका खालच्या ओळीतल्या अक्षरावर. म्हटलं, "प." पुन्हा एक ओळ खाली. मी दहा अक्षरं विचारली. दहाही ठिपके खाली. शेजारी एकही नाही. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. सगळे खाली, सारख्याच अंतरानं.

मग मी त्यांचं बोट धरून बघितलं. मान वाकत नव्हती, म्हणून फोन समोर धरायचे. टोकाला कळत नव्हतं, म्हणून बोट टोकानं न टेकवता आडवं टेकवायचे. त्यांना दिसायचं नख, आणि काचेला लागायचा त्याच्या खालचा मऊ भाग. पहिल्या कीबोर्डवर तेवढं भागून जायचं, अक्षर उंच होतं, बोट खाली घसरलं तरी त्याच अक्षरात राहायचं. मी ओळी आवळल्या आणि तेवढं अंतर एका अख्ख्या ओळीचं झालं. चौकटी काढल्या, त्यामुळं कुठलं अक्षर कुठं संपतंय ते दिसेना. आणि मागं मोरपंखी साडी, फेटा, धरणाचं पाणी. पांढरी अक्षरं पांढऱ्या फेट्यावर. मी स्वतः नीट बघितलं तेव्हा मला तिथं चार अक्षरं दिसलीच नाहीत. माझ्या चेहऱ्यावर टकटक करत होते ना, ते प्रेमानं नव्हतं. माझ्या गालाखाली कुठलं अक्षर आहे ते शोधत होते.

माणूस ज्याच्यातून तक्रार करणार तेच मी शिवून बंद केलं होतं. कुणाला सांगणार, आणि कशानं?

आधी उंची. पर्याय एकाखाली एक असतात, मी सगळ्यात उंच निवडला. कीबोर्ड वर आला, अर्ध्या फोनभर. ढगळच ढगळ. वर मेसेजला जेमतेम जागा उरली. उरू दे. रुंदी काही वाढली नाही, पण आम्हाला रुंदीची गरज नव्हती, हे खडूनं सांगितलं होतं. मग थीम. फोटो काढला. काढताना वाईट वाटलं, खोटं का बोलू. साधी काळी थीम घेतली, ह्यांना दाखवली, "बघा, दिसतंय?" हात नाही म्हणून हलला. साधी पांढरी घेतली. "हे?" हात थांबला, मग अंगठा वर झाला. विचारायला किती वेळ लागला? दोन मिनिटं. मग 'की बॉर्डर' चालू. प्रत्येक अक्षराभोवती चौकट आली, सगळी शिलाई वर. म्हटलं, "आता बोट टेकवा. म." ठिपका 'म'च्या चौकटीत पडला. तळाला टेकून, पण आतच.

मी काच पदरानं पुसली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "लिहा," म्हटलं. "काय ते लिहा. मी हलत नाही."

एक एक अक्षर. मी त्यांचं बोट बघत होते, पडदा नाही. पलीकडं माझ्या फोनवर वाजलं. उघडला.

"आत श्वास अडकला तर हाक कशी मारू"

मी पुन्हा वाचलं. उत्तर मला माहीत होतं. पहिल्या सोमवारी, ती फाइलवाली मुलगी बाहेर येऊन जे समजावून गेली होती ना, त्यात हेच होतं. "काकू, आतमध्ये कॅमेरा आहे. आम्ही पूर्ण वेळ बघत असतो. काकांना काही त्रास झाला तर नुसता हात वर करायचा, आम्ही लगेच मशीन थांबवून आत येतो. त्यांना सांगून ठेवा." मी मान डोलवली होती. मग फॉलचे टाके घालत बसले होते. सांगितलं नाही. विसरले म्हणा, किंवा असं म्हणा की ह्यांना काही सांगायचं असतं, हेच मी सोडून दिलं होतं.

नऊ वेळा हा माणूस त्या मुखवट्याखाली पडून राहिला, कुणी बघतंय हे ठाऊक नसताना. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या जिवासाठी हाक मारली, तो नऊ वेळा अशा खोलीत गेला जिथं त्याच्या हिशेबानं त्याचं कुणी ऐकणार नव्हतं. आणि नवव्या वेळी खरंच कफ अडकला. ते लोक आले, त्यांनी साफ केला, पण ह्यांना वाटलं नशिबानं आले. दहाव्यांदा नशिबावर जाणार नाही म्हणून भिंतीकडं तोंड केलं. मी असते तर दुसऱ्याच दिवशी केलं असतं.

मी सांगितलं. कॅमेरा, हात, सगळं. रडत सांगितलं, नाक पुसत सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग फोन घेतला आणि लिहिलं, "नक्की बघतात?"

"नक्की," मी म्हटलं. "उद्या तुमच्यासमोर विचारते. मी नाही, तुम्ही विचारा."

त्या संध्याकाळी मी मशीनवर बसले आणि लाल ब्लाउजपिसाचा तुकडा कापला. घडी मारून छोटा झेंडा शिवला, हातात मावेल एवढा, रुळावर गाडी थांबवायला दाखवतात तसा. मुद्दाम जाड दोऱ्यानं शिवला, पांढऱ्या. शिलाई दिसत होती. दिसू दे.

सकाळी ते माझ्या आधी तयार होते. दवाखान्यात त्या मुलीला त्यांनी स्वतः फोन दाखवला. तिनं वाचलं, त्यांच्याकडं बघून बोलली, माझ्याकडं नाही. आत नेऊन कॅमेऱ्याचे पडदे दाखवले, ज्यांच्यासमोर बसून ती बघते ते. झेंडा बघून हसली, म्हणाली, "चालेल काका, धरा हातात." मी बाहेर बसले. शिवायला काही नेलं नव्हतं. दाराकडं बघत बसले. थोड्या वेळानं दार उघडलं आणि हे चालत बाहेर आले, घाम नव्हता, झेंडा गुंडाळून खिशात.

चार शेक बुडाले होते, ते पुढं वाढवले. त्यानं काय फरक पडेल ते डॉक्टर सांगत नाहीत. तपासणीची तारीख आली की मला अजून घास गिळवत नाही. एवढं एक माझ्यामुळं झालं, ते मला उसवून पुन्हा शिवता येत नाही.

त्या दिवशी परतताना आम्ही फलाटावर बाकड्यावर बसलो होतो. गाडीला वेळ होता. माझ्या मनात ते टोचत होतं, म्हणून विचारलं. "अहो, रोज संध्याकाळी एवढे मेसेज पाठवत होतात. ते मी पुसून टाकले. काय लिहीत होतात?"

त्यांनी फोन काढला. समोर धरला, मान न वाकवता. उंच, ढगळ कीबोर्ड वर आला. बोट आडवं टेकलं, उठलं, पुन्हा टेकलं. माझ्या पिशवीत फोन वाजला.

"हेच. रोज हेच. तू हसायचीस."

मी म्हटलं, "हसले हो. काय करू आता?"

बोट पुन्हा खाली गेलं. फलाटावर गाडीची घोषणा सुरू झाली, लोक उठले. मी उठले नाही. शेवटचं अक्षर टेकवून त्यांनी मेसेज पाठवला नाहीच, फोन सरळ माझ्यासमोर धरला.

"आता नीट वाच."